एका वाक्यांत आनंदीबाई

एकश्लोकी रामायण महाराष्ट्रांतील कितीतरी घरांतून मुलांच्या तोंडीं असे. चोवीस हजार श्लोकांची कथा चार चरणांत बसवावयाची, ही युक्ति मोठी चतुर खरी. वनगमनापासून रावण-कुंभकर्णांच्या वधापर्यंतचे मुख्य मुख्य प्रसंग त्यांत ओळीनें येऊन जातात. परंतु ज्याच्या कानांवर रामकथा कधींच पडलेली नाहीं, अशा एखाद्या परदेशस्थ माणसाला तो श्लोक अर्थासह ऐकविला तर त्याला काय कळेल? काय काय घडलें तें कळेल. राम वनांत कां गेला, त्याला परत काय मिळवावयाचें होतें, आणि तें न मिळतें तर काय बुडालें असतें, यांतील एकही गोष्ट त्याच्या हातीं लागणार नाहीं. ज्याला कथा आधींच पाठ आहे त्याच्या स्मरणासाठीं तो श्लोक रचलेला आहे. तो कथेची यादी आहे, कथा नव्हे.

याच्या उलट उदाहरण ग्रीसमध्यें सांपडतें. ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञानें आपल्या काव्यशास्त्रांत होमरच्या ‘ओडिसी’ या चोवीस सर्गांच्या महाकाव्याचा गाभा दोन-तीन वाक्यांत सांगितला आहे. एक माणूस कैक वर्षें घराबाहेर अडकला आहे. समुद्रदेव त्याच्यावर डूख धरून आहे. इकडे त्याच्या बायकोला मागणी घालणारे लोक त्याची मालमत्ता फस्त करीत आहेत आणि मुलाच्या जिवावर उठले आहेत. अखेर तो परततो आणि शत्रूंचा नाश करतो. या सारांशांत नायकाचें नांव नाहीं. एकडोळ्या राक्षसाची गुहा नाहीं, जादुगारीण नाहीं, ज्यांच्यासाठीं पोरें तें काव्य ऐकतात त्या गमतींपैकीं एकही नाहीं. हें सारें मागाहून भरावयाचें, असें ॲरिस्टॉटलचें म्हणणें. एकश्लोकीनें घटना ठेवल्या आणि कारण टाकलें. ॲरिस्टॉटलनें कारण ठेवलें आणि घटना टाकल्या. चित्रपटाच्या व्यवसायांत ज्याला लॉगलाइन म्हणतात तें वाक्य या दुसऱ्या घराण्यांतलें आहे.

अमेरिकेंतील चित्रसंस्थांच्या कथाविभागांत कादंबऱ्या, नाटकें आणि हस्तलिखितें यांचे ढीग येत. तीं वाचावयास पगारी वाचक नेमलेले असत. त्यांनीं प्रत्येक कथेचा सारांश लिहावयाचा आणि त्याच्या माथ्यावर एका वाक्यांत कथेचा जीव सांगावयाचा, अशी रीत होती. लॉग म्हणजे नोंदवही. तींतील ती ओळ म्हणून लॉगलाइन, अशी या शब्दाची उपपत्ति सामान्यतः सांगतात. ज्या अधिकाऱ्याला चारशें पानें वाचण्यास वेळ नाहीं त्यानें त्या एका ओळीवरून पुढें वाचावयाचें कीं नाहीं हें ठरवावयाचें. आज मराठी निर्मात्यापुढें कथा घेऊन जाणाऱ्या लेखकालाही प्रथम हेंच वाक्य विचारतात. तें इंग्रजींत साधारण पंचवीस-तीस शब्दांचें असावें असा संकेत आहे. त्यांत नायक कोण, त्याला काय हवें आहे, आडवें कोण येतें आणि तो हरला तर काय जाईल, एवढें कळावें. कथेचा शेवट मात्र कळूं नये.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं, आणि तें कोठें कठीण होतें हें पाहावयाचें असेल तर कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रासारखें दुसरें उदाहरण नाहीं. बावीस वर्षेंही पुरीं न झालेलें तें आयुष्य. त्यावर कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेनें १८८८ सालीं इंग्रजी चरित्र लिहिलें, काशीबाई कानिटकरांनीं मराठी चरित्र लिहिलें, श्री. ज. जोशी यांनीं १९६८ सालीं ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहिली. आणि २०१९ च्या फेब्रुवारींत समीर विद्वांस यांनीं दिग्दर्शित केलेला त्याच नांवाचा मराठी चित्रपट पडद्यावर आला. इतक्या वेळां सांगितलेली कथा एका वाक्यांत बसवितांना काय काय होतें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम हकीकत. आनंदीबाईंचें माहेर कल्याणचें, तेथील एका जुन्या जमीनदार ब्राह्मण घराण्याचें. माहेरचें नांव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षीं कल्याणपर्यंत आली होती, म्हणजे यमुनेच्या जन्मापूर्वीं अकरा वर्षें तें गांव रुळांनीं मुंबईला जोडलें गेलें होतें. वयाच्या नवव्या वर्षीं तिचा विवाह गोपाळ विनायक जोशी या बिजवराशीं झाला. ते पोस्टांत कारकून होते आणि तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. बायकोला शिकवूं दिलें पाहिजे, या अटीवर त्यांनीं हें लग्न केलें असें चरित्रकार सांगतात. पुढें बदलीमागून बदली होत गेली. आनंदीबाई जेमतेम चौदा वर्षांच्या असतांना त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांवांचून तो दहा दिवसांत गेला.

गोपाळरावांनीं १८७८ सालापासून अमेरिकन मिशनरी मंडळींशीं पत्रव्यवहार आरंभला होता. पत्नीला अमेरिकेंत शिकवावयाची सोय होईल काय, अशी त्यांची विचारणा. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याचें उत्तर आलें तें ख्रिस्ती होण्याच्या सूचनेसह. मात्र हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनीं आपल्या मासिकांत छापला, आणि न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल येथें राहणाऱ्या थिओडीशिया कारपेंटर या बाईंच्या तो वाचनांत आला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतां त्यांनीं तें मासिक सहज उचललें होतें, असें सांगतात. त्यांनीं आनंदीबाईंना पत्र लिहिलें, आणि कोठें भेट न झालेल्या या दोन स्त्रियांचा मावशी-भाचीचा नातेसंबंध जडला.

गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथें झाली होती. तेथील कॉलेजाच्या सभागृहांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं भर सभेंत इंग्रजीतून भाषण केलें. हिंदु स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, त्यासाठीं मी जात आहें, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येईन, असा त्याचा आशय. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कला उतरल्या, आणि फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु क्षयानें पछाडलेल्या त्या स्वदेशीं परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तल्या.

आतां याचें एक वाक्य करावयाचें. नवखा लेखक बहुधा असें लिहितो:

‘नवव्या वर्षीं लग्न झालेली कल्याणची यमुना चौदाव्या वर्षीं मूल गमावते, अठराव्या वर्षीं अमेरिकेस जाते, एकविसाव्या वर्षीं डॉक्टर होते आणि बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच मरण पावते.’

यांतील एकही अक्षर खोटें नाहीं; तरी ही एकश्लोकीच झाली. प्रत्येक क्रियापदापुढें ‘आणि’ बसतें. ‘म्हणून’ किंवा ‘परंतु’ कोठेंच बसत नाहीं. ही एक सोपी खूण आहे. ज्या सारांशांतील घटना नुसत्या ‘आणि मग’ यानें जोडतां येतात त्यांत संघर्ष नसतो. मूल गेलें म्हणून डॉक्टर व्हावयाचें ठरलें. डॉक्टर व्हावयाचें ठरलें, परंतु तो मार्ग समुद्रापलीकडे होता: असें जेव्हां लिहितां येतें तेव्हां कथा हालूं लागते. शिवाय या वाक्यानें अखेरचें मरण सांगून टाकलें, तें वेगळेंच.

दुसरा प्रयत्न बहुधा गौरवाकडे वळतो: ‘पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदु स्त्रीची स्फूर्तिदायक कथा.’ हें वाक्य स्मारकाच्या शिळेवर शोभेल. ‘पहिली’ हा मान मागाहून आलेल्यांनीं दिलेला आहे. त्यांतही त्याच १८८६ सालीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीं वैद्यकीची पात्रता मिळविली, त्यामुळें हें विशेषण वापरतांना हात जपूनच टाकावा लागतो. परंतु खरा दोष तो नव्हे. नायिकेला पहिली व्हावयाचें होतें असें कोठेंच दिसत नाहीं. तिला डॉक्टर होऊन परत यावयाचें होतें. लॉगलाइनींत नायकाची स्वतःची इच्छा असावी लागते. जगानें त्याला दिलेली पदवी तेथें कामाची नाहीं. आणि ‘स्फूर्तिदायक’ हा शब्द तर निर्मात्याला आपण रडावें कीं टाळ्या वाजवाव्या एवढेंच सांगतो; कथा सांगत नाहीं.

तिसऱ्या प्रयत्नांत एक गंभीर प्रश्न उभा राहतो: या कथेचा नायक कोण? कादंबरीचें आणि चित्रपटाचें नांवच ‘आनंदी गोपाळ’ असें जोडीचें आहे, आणि नाट्याच्या दृष्टीनें पाहिलें तर गोपाळरावांचा दावा लहान नाहीं. बायको स्वयंपाकघरांत दिसली कीं संतापणारा, तिच्या हातांत पुस्तक दिसलें पाहिजे असा हट्ट धरणारा हा पोस्टाचा कारकून त्या काळाच्या मानानें जगावेगळा होता. त्याला केंद्र धरून वाक्य असें होईल:

‘बालवधूला शिकविण्याचा ध्यास घेतलेला एक हेकट पोस्ट-कारकून सर्व समाजाचा विरोध पत्करून तिला सातासमुद्रापलीकडे पाठवितो, परंतु जिला घडवावयाचें तीच या हट्टापायीं हातची जाण्याचें भय आहे.’

वाक्य जमलें आहे हें नाकारतां येत नाहीं. नायक आहे, त्याची इच्छा आहे, विरोध आहे, पणाला लागलेलें कांहीं आहे. आणि नेमकें तेथेंच पाहावें: पणाला काय लागलें आहे? आनंदीबाई. डाव टाकणारा तो, डावावर लागलेली ती. द्यूतसभेची आठवण कोणासही व्हावी. एका कर्त्याच्या निवडीनें एक जिवंत, बोलकी, पत्रें लिहिणारी स्त्री वस्तु होऊन बसली. इतिहासाच्या दृष्टीनेंही हें अपुरें आहे. अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या एका पत्रांत आनंदीबाईंनीं लहानपणीं खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या पुस्तकांची आणि खुर्च्यांची, सोडून जाण्याच्या धमक्यांची आठवण दिली आहे. आणि आपण तें कां सोसलें हेंही मोकळेपणें लिहिलें आहे. म्हणजे गोपाळराव हे तिच्या कथेंत मदतगारही आहेत आणि अडसरही आहेत. अशा दुहेरी पात्राला लॉगलाइनींत जागा देणें फार कठीण. त्याला मदतगार म्हटलें तर मार झांकला जातो. खलनायक म्हटलें तर शाळा झांकली जाते. अशा वेळीं त्याला वाक्याबाहेर ठेवून दोन तासांच्या पटांत पुरा वाव द्यावा, हा मार्ग प्रामाणिक होय.

नायक निवडण्याची जुनी कसोटी अशी कीं, ज्याचें नुकसान सर्वांत मोठें आणि ज्याचा निर्णय कथेला वळवितो तो नायक. श्रीरामपूरच्या सभेंत बोलली ती आनंदीबाई. बोटींत चढली ती. शव फाडून शिकली ती. मेली तीही तीच. गोपाळराव मागाहून अमेरिकेस पोंचले. कर्ता ठरला.

आतां संघर्ष. येथें लेखकाची खरी परीक्षा आहे, कारण चरित्रांत संघर्ष एक नाहीं, चार आहेत: स्वकीयांचा रोष, मिशनऱ्यांची अट, पतीचा स्वभाव आणि स्वतःची प्रकृति. एका वाक्यांत चौघेही आले तर कोणीच दिसत नाहीं. पति बाहेर ठेवावयाचा हें ठरलेंच. उरलेल्या तिघांपैकीं पहिले दोन जवळ ठेवून पाहिले तर त्यांच्यांत एक चमत्कारिक साम्य दिसतें. स्वकीय म्हणत, समुद्र ओलांडलास तर धर्म गेला. मिशनरी म्हणत, धर्म सोडलास तर समुद्र ओलांडणें सोपें. दोन्ही बाजूंनीं एकच वस्तु मागितली जात होती. दोन परस्परविरोधी शत्रु एकाच ठिकाणीं दाबूं लागले कीं वाक्यांत ते एक होतात, आणि जागाही एकाचीच लागते. ‘हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच येईन’ हें वचन त्या दोहोंनाही दिलेलें उत्तर आहे. म्हणून चित्रकथेच्या दृष्टीनें श्रीरामपूरचें भाषण हाच या चरित्राचा कणा ठरतो.

पण त्या वचनांत पणाला काय लागलें आहे? ‘तिचा धर्म’ एवढें उत्तर आजच्या प्रेक्षकाला पुरणार नाहीं. त्याला तें एखाद्या स्त्रीचें खाजगी व्रत वाटेल. येथें त्या काळची व्यवस्था ध्यानीं घ्यावी लागते. परपुरुष वैद्याला नाडी दाखविण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठीं डॉक्टर व्हावयाचें होतें. बाटलेल्या किंवा वाळींत पडलेल्या डॉक्टरिणीला सोवळ्या घराच्या माजघरांत कोण येऊं देणार? मिशनच्या स्त्री-डॉक्टर देशांत येऊं लागल्या होत्या. त्यांच्याकडे जाण्यास कचरणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोंचावयाचें तर त्यांच्यांतलीच एक होऊन राहणें भाग होतें. म्हणजे वचन मोडलें तर पदवी मिळूनही ती व्यर्थ जाणार. पणाला लागलेली वस्तु ही आहे. ती सांपडली कीं मुलाचें मरण, अमेरिकेचा प्रवास आणि धर्माचा हट्ट या तीन सुट्या गोष्टी एका सूत्रांत ओवल्या जातात. वाक्य असें होतें:

‘उपचारांवांचून तान्हें मूल गमावलेली एक ब्राह्मण तरुणी डॉक्टर होण्यासाठीं एकटी अमेरिकेस निघते, परंतु बाटविणारे मदतगार आणि वाळींत टाकणारे स्वकीय यांच्या कात्रींतून तिला धर्म राखूनच परतावयाचें आहे, नाहींतर ज्या स्त्रियांसाठीं ती शिकली त्यांचींच दारें तिला बंद होतील.’

हें वाचून घरांतील कोणाही माणसाला ऐकवावें आणि तो काय विचारतो तें ऐकावें. ‘कोण म्हणालात?’ असें त्यानें विचारलें तर नायक पुसट आहे. ‘मग अडलें कोठें?’ असें विचारलें तर संघर्ष नाहीं. ‘नसतें जमलें तर काय बिघडतें?’ असें विचारलें तर पणाला कांहींच लागलेलें नाहीं. त्यानें नुसतें ‘मग?’ म्हटलें तर लेखकानें पुढची पानें काढावीं.

या वाक्यांत अजून दोन खडे आहेत. ‘एकटी’ हा शब्द कानाला गोड लागतो, परंतु तो खरा नाहीं. बोटींत मिशनशीं संबंधित स्त्रियांची सोबत होती, आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कारपेंटरबाई घ्यावयास आल्या होत्या. ‘पतीवांचून’ हा शब्द खराही आहे आणि त्या काळीं अधिक धक्कादायकही होता. दुसरा खडा प्रकृतीचा. कोणी म्हणेल, थंडी आणि शाकाहार यांनीं ती खंगली, म्हणजे धर्म राखण्यानेंच ती मेली, असें दाखवा. वाक्याला केवढी धार येईल! धार येईल यांत संशय नाहीं. परंतु निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथेंच त्यांना डोकेदुखी, ताप, अशक्तपणा आणि मधून मधून धाप यांचा त्रास होता. कारपेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधेंही पाठविलीं होतीं. क्षय कोठें आणि केव्हां जडला हें आज ठरवितां येत नाहीं. लॉगलाइनीला कार्यकारणभावाची हांव असते, आणि तेथेंच ती इतिहासाला फसविते. काल्पनिक कथेंत लेखकानें खुशाल कारण बसवावें. खऱ्या माणसाच्या चरित्रांत ‘त्यामुळें’ हा शब्द लिहितांना पुरावा हातीं असावा. म्हणून प्रकृतीला ‘ढासळत्या प्रकृतीनिशीं’ इतकीच जागा द्यावी. कारण म्हणून न आणतां सोबत म्हणून आणावी.

मराठी भाषेची एक खोडही या कामांत आडवी येते. मराठींत विशेषणें आणि धातुसाधितें नामाच्या आधीं येतात, क्रियापद वाक्याच्या टोकाला जातें. ‘उपचारांवांचून तान्हें मूल गमावलेली एक ब्राह्मण तरुणी’ हा मारा जरा लांबविला कीं नायिका पंधराव्या शब्दाला उगवते, आणि ऐकणारा तोंवर कोणाविषयीं बोलणें चाललें आहे हें शोधत बसतो. उपाय हा कीं, नायिकेला सहा-सात शब्दांच्या आंत आणावें, पहिलें क्रियापद लौकर संपवावें, आणि ‘परंतु’नंतर दुसऱ्या दमानें पुढें जावें. शेवटचें क्रियापद कानांत राहतें; म्हणून तेथें नुकसानच बसवावें. वरील वाक्य ‘बंद होतील’ या शब्दांवर थांबतें तें याकरितां. या खोडी काढल्यावर वाक्य उरतें तें असें:

‘उपचारांवांचून तान्हें मूल गमावलेली एक तरुणी डॉक्टर होण्यासाठीं पतीवांचून अमेरिकेस निघते, परंतु बाटविणारे मदतगार आणि वाळींत टाकणारे स्वकीय यांच्यामधून ढासळत्या प्रकृतीनिशीं तिला धर्म राखून परतावयाचें आहे, नाहींतर ज्यांच्यासाठीं शिकली त्या स्त्रियांचीं दारें तिला बंद होतील.’

यांत ‘आनंदीबाई’ नाहीं आणि ‘कल्याण’ही नाहीं. कल्याणकरांस याचें वाईट वाटेल, परंतु परक्या वाचकाला त्या नांवानें संघर्षांतलें कांहीं कळत नाहीं. स्थळाचें नांव वाक्यांत केव्हां राहतें, याचें उदाहरण त्याच रुळांवर थोडें मुंबईकडे सरकलें कीं भेटतें. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ हा चित्रपट २००५ सालचा. त्याचें कथासूत्र कांहींसें असें मांडतां येईल: ‘रोज डोंबिवलीहून ठरलेल्या लोकलनें मुंबईस जाणारा, नियमानें चालणारा एक बँक-कर्मचारी भोंवतालची लबाडी असह्य होऊन एके दिवशीं हातांत बॅट घेतो, परंतु ज्या कायद्यासाठीं तो पेटला त्याच कायद्याचे शिपाई त्याच्या मागावर निघतात, आणि संसार पणाला लागतो.’ येथें डोंबिवली काढून टाकावी, आणि पाहावें. त्या माणसाचा दाबलेला श्वास, तीच गाडी, तीच गर्दी, तीच वेळ, हें सारें त्या एका नांवांत होतें; तें गेलें कीं राग कोठून आला हेंच कळेनासें होतें. शहराचें नांव येथें संघर्षाचा भाग आहे. कल्याण आनंदीबाईंच्या संघर्षाचा भाग नाहीं. तें केवळ आरंभ आहे.

या चित्रपटाची तुलना ‘फॉलिंग डाउन’ या १९९३ च्या अमेरिकन चित्रपटाशीं पुष्कळांनीं केली, आणि एका वाक्यांत मांडले तर दोघे भाऊ भाऊ दिसतात हें खरें: पांढरपेशा, सोशीक माणूस, एक दिवस, फुटलेला बांध, मागावर पोलीस. परंतु एकाच्या मागें लॉस एंजेलिसचा तुंबलेला मोटाररस्ता आहे आणि दुसऱ्याच्या मागें फाटकाशीं लोंबकळणारा डबा. एकाचा नायक नोकरी गमावलेला, घरापासून तुटलेला. दुसऱ्याचा नोकरी सांभाळणारा, घर सांभाळणारा, मुलांना खरें बोलावयास शिकविणारा. वाक्य सारखें असलें म्हणून चित्र सारखें होत नाहीं; आणि त्याच कामतांनीं हीच कथा २००७ सालीं तामिळमध्यें ‘एवनो ओरुवन’ या नांवानें केली तेव्हां डोंबिवली आपोआपच गळली. नांवाचा अर्थ कोणीतरी एक माणूस असा. ॲरिस्टॉटलच्या निनावी नायकाची आठवण होते.

आनंदीबाईंच्या वाक्याबाहेर जें राहिलें त्यांत कांहीं फार मोठ्या गोष्टी आहेत. पदवीदानास पंडिता रमाबाई हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदन आलें. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉक्टर रेचल बॉडली यांनीं त्यांना मायेनें सांभाळलें. त्या स्वदेशीं परतल्या तेव्हां, ज्यांच्या रोषाचें भय होतें त्या लोकांपैकीं अनेकांनीं त्यांचें कौतुकच केलें. म्हणजे ज्या दारांसाठीं सारा झगडा केला तीं उघडण्याची वेळ खरोखरीच आली होती. वाक्यांत हें कळतां कामा नये, म्हणून तें त्यांत नाहीं. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत रिकामी राहिली. त्यांची रक्षा गोपाळरावांनीं कारपेंटरबाईंकडे पाठविली, आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी गांवच्या स्मशानभूमींत, त्या कुटुंबाच्या जागेंत ती पुरलेली आहे.